मोटर फिरतेय की नुसती घुमतेय

आमचा मळा बेळगावजवळ, मार्कंडेय नदीच्या काठावर, कडोलीच्या बाजूला. घरापासून मोटर दोन-अडीच किलोमीटरवर. थ्री फेज लाईट ठरावीक तासच येते, कधी दिवसा तर कधी मध्यरात्री. स्टार्टरला ऑटो बसवलेला आहे, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप सुरू व्हायला पाहिजे. ती झाली की नाही, हे मात्र जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही. रात्री दोन वाजता काका बॅटरी घेऊन निघायचे. मी उद्यमबागेत मशीन शॉपला. सेकंड शिफ्ट संपवून घरी येऊन पाठ टेकतो न टेकतो तोवर हाक यायची, "अरे, मोटर चालू हाय का बग जाऊन की."

नुसतं चालू-बंद कळायला वायरभोवती करंट मोजणारी कॉइल अडकवली तरी भागतं, आणि खरं तर ते जास्त सोपं. मला मात्र दुसरंही एक पाहिजे होतं. आदल्या वर्षी ऐन उन्हाळ्यात बेअरिंग जाम होऊन मोटर जळाली होती. रिवाइंडिंग होईपर्यंत ऊस आठ दिवस तहानलेला. बेअरिंग एका दिवसात जात नाही, आधी बरेच आठवडे कुरकुरतं. ती कुरकुर करंटमध्ये जवळजवळ दिसत नाही, मोटरच्या अंगात मात्र असते. म्हणून कंपनं मोजणारा सेन्सर, अ‍ॅक्सिलरोमीटर घेतला.

पहिला सेन्सर स्वस्तातला, एमपीयू-६०५०. मी तो दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोमच्या टेपने मोटरच्या मागच्या फॅनच्या झाकणावर लावला, कारण तिथं सपाट जागा होती. एकाच वेळी तीन चुका. ते झाकण पत्र्याचं, त्याला स्वतःचाच खुळखुळाट. फोमची टेप बारीक कंपनं गिळून टाकते. आणि हा सेन्सर मुळात २६० हर्ट्झच्या वरचं फारसं काही पुढं येऊच देत नाही. बेअरिंगची सुरुवातीची कुरकुर असते हजार-दोन हजार हर्ट्झमध्ये आणि त्याच्याही वर. मी दोन महिने जे आकडे जमवले, ते पत्र्याच्या आवाजाचे होते.

मग एडीएक्सएल-३४५ आणला. तो सेकंदाला ३,२०० नमुने देतो, म्हणजे साधारण १,६०० हर्ट्झपर्यंतचं दिसतं. बसवायचं काम मात्र माझ्या हातचं होतं. लेथवर पितळेचा छोटा ठोकळा केला, त्याला एम-५चा आटा पाडला. पंपाच्या बाजूला जिथं बेअरिंग बसतं तिथल्या बिडाच्या जाड भागावरचा रंग खरवडून भोक पाडलं आणि ठोकळा घट्ट आवळला. सेन्सरची पट्टी ठोकळ्यावर स्क्रूने बसवून वर इपॉक्सी ओतलं. वायर वीतभरच ठेवली, कारण एवढ्या वेगानं वाचायचं तर एसपीआय पद्धतीची जोडणी लागते आणि लांब वायरीवर ती अडखळते. नमुने वाचणाऱ्या ईएसपी-३२ या छोट्या कंट्रोलरचा डबा मोटरच्या फाउंडेशनवरच रबरावर ठेवला. आत एक बॅटरी, आणि एसएमएस पाठवायला सिम. सेन्सरचं सेटिंग एवढंच:

```
writeReg(0x2C, 0x0F);
writeReg(0x31, 0x0B);
writeReg(0x38, 0x80);
writeReg(0x2D, 0x08);
```

पहिली ओळ वेग, दुसरी १६ जीपर्यंतची मापं, तिसरी नमुने रांगेत साठवायला, चौथी मोजणी सुरू करायला. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: ३,२०० म्हणजे मोजून ३,२०० नसतात. ईएसपीच्या घड्याळावर दहा सेकंद मोजले तर माझा सेन्सर सेकंदाला ३,१७०च्या आसपास देत होता. पुढं फ्रिक्वेन्सीचा हिशोब करायचा तर हा खरा आकडा धरावा लागतो, नाहीतर सगळंच थोडं सरकतं.

चालू-बंद ओळखायची माझी पहिली पद्धत भाबडी होती. सव्वा सेकंदाचे ४,०९६ नमुने घ्यायचे, त्यांची सरासरी वजा करायची म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा १ जी निघून जातो, आणि उरलेल्याचा आरएमएस, म्हणजे एकूण थरथर किती ते सांगणारा आकडा, काढायचा. मोटर बंद असताना ०.०२ जी यायचं, तो बहुतेक सेन्सरचाच स्वतःचा गोंधळ. चालू असताना ०.३५च्या आसपास. शेजाऱ्यांची मोटर आमच्याच काँक्रीटच्या चौथऱ्यावर आहे. आमची बंद आणि त्यांची चालू असताना ०.०५ यायचं. हे मुद्दाम मोजून घेतलं ते बरं झालं, नाहीतर त्यांच्या मोटरवर आमचं पाणी चालू दिसलं असतं. ०.२०च्या वर गेलं की चालू, ०.१०च्या खाली आलं की बंद, मधे असेल तर आधीचंच धरायचं. दर दहा सेकंदांनी एक मोजणी. काका खूश. रात्री फोन वाजला की कूस बदलून झोपायचे.

पावसाळा संपता संपता एका रात्री मेसेज आला, 'चालू'. अर्ध्या मिनिटात दुसरा, 'बंद'. मी म्हटलं लाईट आली आणि गेली असेल. सकाळी काकांचा फोन. ओव्हरलोड रिले ट्रिप झालेला, मोटरच्या अंगाला व्हार्निशचा वास. ट्रान्सफॉर्मरवर एका फेजचा फ्यूज उडाला होता. दोनच फेज आल्या, ऑटोनं स्टार्टर ओढला, आणि मोटर फिरलीच नाही, जागच्या जागी घुमत राहिली. एखादी फेज नसेल तर मोटर सुरू होऊ न देणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर होता, पण तो कुणीतरी कधीतरी बायपास करून ठेवलेला. (कुणी, ते आमच्या घरात अजून ठरलेलं नाही.)

डब्यात त्या वेळचे नमुने साठवलेले होते. ते काढून फ्रिक्वेन्सीवर मांडले तेव्हा लख्ख कळलं. फिरणाऱ्या मोटरच्या चित्रात एक टोक असतं फिरण्याच्या वेगाचं. आमची मोटर टू पोल, साडेसात एचपीची. ५० हर्ट्झवर तिचा चुंबकी फेरा ३,००० आरपीएमचा, पण रोटर थोडा मागे राहतो आणि प्रत्यक्षात २,९०५ आरपीएमच्या आसपास फिरतो. म्हणजे ते टोक ४८.४ हर्ट्झवर. दुसरं टोक १०० हर्ट्झवर, ते चुंबकाच्या ओढीचं. लाईटच्या प्रत्येक आवर्तनात लोखंड दोनदा ओढलं जातं म्हणून ५०च्या दुप्पट. त्या रात्रीच्या चित्रात १०० होतं, २०० होतं, आणि ४८च्या जागी काहीच नव्हतं. आरएमएस मात्र ०.३०. थरथर भरपूर, फिरणं शून्य.

तेव्हापासून 'चालू' म्हणायला दोन अटी. एकूण थरथर ०.२०च्या वर हवी, आणि ४६ ते ५० हर्ट्झच्या पट्ट्यात ०.०३ जी तरी हवं. पट्टा थोडा रुंद ठेवलाय, कारण व्होल्टेज पडलं की रोटर आणखी मागे राहतो. पहिली अट पुरी आणि दुसरी नाही, असं लागोपाठ दोनदा झालं तर मेसेजमध्ये 'घुमतेय, बंद करा' असं येतं. तो मेसेज येईपर्यंत वीस सेकंद जातात, मोटरला तेवढेही जास्तच. खरं काम प्रिव्हेंटरचं. तो आता जोडलाय.

आता बेअरिंग. इथं मला वाटत होतं की एकूण आरएमएस रोज लिहून ठेवला की झालं, वाढला की बेअरिंग बदलायचं. तो आकडा रोजच्या रोज ०.३२ ते ०.४१ असा वर-खाली व्हायचा. नदीचं पाणी किती खाली आहे, कुठला कॉक उघडा आहे, पाणी वरच्या तुकड्याला जातंय की खालच्या, यावर तो हलायचा. त्यातून बेअरिंग दिसणं अवघड. म्हणून मी ५०० ते १,४०० हर्ट्झचा भाग वेगळा काढून त्याचाच आरएमएस लिहायला लागलो. मोजायची वेळही ठरवली: मोटर सुरू झाल्यावर वीस मिनिटांनी, खालच्या तुकड्याला पाणी असताना, पाच मोजण्यांतली मधली. जानेवारीत हा आकडा ०.११ होता.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवसांत तो ०.२४वर गेला. मी घाबरून काकांना म्हटलं, बेअरिंग चाललं. उद्यमबागेतून येताना नवीन बेअरिंगही घेऊन आलो. काका मोटरजवळ उभे राहिले, सक्शनच्या पाइपावर हात ठेवला आणि म्हणाले, "हे बेअरिंग न्हवं. आत खडी पडल्यागत वाजतंय. पानी ओढायला जड जातंय हिला."

त्यांनी डिलिव्हरीचा कॉक हळूहळू अर्धा आवळला. मी लॅपटॉप घेऊन बसलो होतो. ०.२४वरून ०.१३. कॉक उघडला, परत ०.२३. बेअरिंगला कॉकशी एवढं देणंघेणं नसतं. पंपाला जेवढं पाणी ओढायचंय तेवढं वाट मोकळी नसल्यामुळं मिळत नाही, सक्शनला दाब एवढा कमी होतो की पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि ते इम्पेलरमध्ये जाऊन फुटतात. त्याचाही आवाज त्याच वरच्या पट्ट्यात पसरतो. कॉक आवळला की पाणी कमी वाहतं, ओढ कमी होते, बुडबुडे थांबतात. फुटबॉल वर काढला (फुटव्हॉल्व्हला आमच्याकडं फुटबॉलच म्हणतात), तर जाळीला पाला आणि शेवाळ लपेटलेलं. ते काढल्यावर ०.१२. तेव्हापासून आकडा वाढला की पहिलं काम कॉकची परीक्षा. नवीन बेअरिंग कपाटात ठेवून दिलं.

पावसाळ्यात पुराआधी मोटर वर काढून ठेवतो. परत बसवली की बोल्ट वेगळे आवळले जातात, पाइपाचा ताण वेगळा येतो. त्यामुळं आधीच्या वर्षीचा ०.११ तसाच वापरता येत नाही. ऑक्टोबरात बसवल्यावर आठवडाभराचा नवा पाया धरला, ०.१३.

नोव्हेंबरात तो ०.१४ झाला. मग ०.१७. डिसेंबरच्या सुरुवातीला ०.२१. या वेळी चढ हळू होता, उडी नव्हती. कॉक आवळला तर आकडा तिथंच. त्या दिवशी एकूण आरएमएस ०.३९ होता, म्हणजे रोजच्या हेलकाव्यातच. आमच्या शॉपमधले जुने फिटर एका रविवारी आले, लांब स्क्रू ड्रायव्हर बेअरिंगवर टेकवून मूठ कानाला लावली आणि म्हणाले, "चांगलं हाय की. अजून वरीसभर जातंय."

त्यांच्या कानावर माझा विश्वास आहे, म्हणून पुढची परीक्षा नीट केली. बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवर कुठं खड्डा पडला असेल तर प्रत्येक गोळी त्यावरून जाताना एक टकटक होते. आमच्या मोटरला ६३०८ नंबरचं बेअरिंग, त्यात आठ गोळ्या. शाफ्ट एक फेरा फिरतो तेव्हा गोळ्यांचा पिंजरा पूर्ण फेरा फिरत नाही, साधारण ०.३८ फेरा फिरतो. म्हणून एका फेऱ्यात खड्ड्यावरून आठ नाही, आठ गुणिले ०.३८, म्हणजे तीनपेक्षा थोड्या जास्त गोळ्या जातात. गोळीचा आणि रिंगचा व्यास धरून बारकाईनं काढलं तर ३.०७. आमच्या वेगाला ४८.४ गुणिले ३.०७, म्हणजे १४८.६ हर्ट्झ.

ही टकटक सरळ चित्रात १४८वर ठळक दिसत नाही. प्रत्येक टकटकीनं बिडाचं घर हजारभर हर्ट्झवर झणझणतं आणि विझतं, परत झणझणतं. घंटेचा सूर वेगळा आणि ती किती वेळा वाजवली ते वेगळं, तसं हे. म्हणून वरचा पट्टा घ्यायचा, त्यातल्या उणे किमती अधिक करायच्या, मग तो गुळगुळीत करायचा. उरतो तो नुसता झणझणण्याचा चढउतार. त्याची फ्रिक्वेन्सी बघायची. माझ्या नमुन्यांत पाऊण हर्ट्झपर्यंतचा फरक कळतो. टोक आलं १४८.६च्या शेजारच्याच खान्यात. शाफ्टच्या वेगाची तिप्पट १४५.२ होते, ती नाही. लाईटची तिप्पट १५०, ती फार लांब नाही, म्हणून थोडी शंका राहिली.

ती मिटवायला मोटर बंद केली आणि थांबेपर्यंतचे नमुने घेतले. हे कुणीही करून बघावं असं आहे. मेन स्विच खाली ओढल्याबरोबर १००चं टोक त्याच क्षणी नाहीसं झालं, कारण चुंबकच गेलं. १४८चं टोक गेलं नाही. ते शाफ्टबरोबर खाली घसरत गेलं. प्रत्येक ठिकाणी शाफ्टच्या वेगाच्या तीनपटीहून जराशी वर. लाईटचं असतं तर १००बरोबरच गेलं असतं.

तरी आम्ही लगेच खोललं नाही. ऊसतोडीआधीचं एक पाणी द्यायचं होतं. ०.२१चं ०.३० व्हायला अजून तीन आठवडे लागले, आणि मग फिटरमामांनाही स्क्रू ड्रायव्हरमधून ऐकू आलं. लाईट नसलेल्या एका दुपारी पुलर लावून बेअरिंग काढलं. ग्रीस पांढरट, ताकासारखं. बाहेरच्या रिंगच्या खालच्या बाजूला, जिथं वजन पडतं तिथं, तांदळाच्या कणीएवढा खड्डा आणि त्याच्यापुढं खरखरीत पट्टा. बेअरिंग आपणहून झिजलं नव्हतं. पंपाच्या शाफ्टभोवती पाणी अडवणारी ग्लँडची दोरी सैल होऊन पाणी शाफ्टवरून बेअरिंगकडं येत होतं, आणि ते अडवणारी शाफ्टवरची रबरी चकती पावसाळ्यात मोटर वर काढताना तुटून पडली होती. नुसतं बेअरिंग बदललं असतं तर चार महिन्यांत परत तेच. मार्चमध्ये उगाच आणलेलं बेअरिंग शेवटी कामाला आलं.

बदलल्यावर पहिल्या दिवशी आकडा ०.१९. माझं तोंड उतरलं. फिटरमामा म्हणाले, "ग्रीस पसरूदे की आधी." दुसऱ्या दिवशी ०.१३, आठवड्यानं ०.१२.

या सेन्सरकडून काय मागू नये तेही लिहितो. १,६०० हर्ट्झच्या वरचं त्याला दिसत नाही. बेअरिंग बिघडायची अगदी पहिली खूण त्याहून बरीच वर असते, ती महागड्या सेन्सरांचं काम. माझ्या हातात आला तो दीड-दोन महिन्यांचा वेळ, तो मला पुरला. मागच्या, फॅनकडच्या बेअरिंगवर सेन्सर नाही. तिथलं काही पुढच्या सेन्सरपर्यंत पोचतं, पण पुसट. आणि माझे ०.१२, ०.३० हे आकडे दुसऱ्या मोटरला लावू नयेत. जागा, ठोकळा, चौथरा बदलला की तेही बदलतात. मी नव्या पायाच्या दुप्पट झालं की कॉक आवळून बघतो, आणि कॉकनं उतरलं नाही तर बेअरिंग आणून ठेवतो.

काकांची मात्र वेगळीच तक्रार. परवा मेसेज 'चालू'चा, खराच. मोटर फिरत होती, ४८चं टोक जागेवर. पाटात मात्र थेंब नाही. फुटबॉल गळून सक्शनचं पाणी उतरलं होतं आणि पंप कोरडाच फिरत होता. मागाहून बघितलं तर एकूण थरथर त्या वेळी ०.२४ होती, नेहमीपेक्षा कमी पण 'चालू'च्या रेघेच्या वरच. नुसत्या थरथरीवरून कोरडं ओळखायचं म्हटलं तर कॉक आवळलेल्या दिवशीही तो कोरडं म्हणेल. म्हणून डिलिव्हरीच्या पाइपाला दाबावर चालणारा एक स्विच बसवलाय, त्याची वायर त्याच डब्यात. मेसेजमध्ये आता दोन शब्द येतात. काका पहिला वाचतच नाहीत. "पानी हाय का तेवडं सांग."